घटाघटा पाणी आणि पोटातली कळ

वैशाखातल्या दुपारी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून जो हिंडला आहे, त्याला सावलीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. भीमा आणि घोड या नद्या इथून वाहतात, कालव्याच्या पाण्यावर ऊस हिरवागार उभा असतो, पण मुलूख मुळात पर्जन्यछायेचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा अशी कोरडी होते की दोरीवर टाकलेले लुगडे बघता बघता वाळून जाते. अशा उन्हातून कोणी दारात आले, की या भागातल्या जुन्या घरांत एक रीत पाळली जाई. आलेल्या माणसाला आधी ओसरीवर टेकायला सांगत. हातपाय धुवायला पाणी देत. मग गुळाचा खडा येई आणि त्यानंतर माठातले पाणी. घाई करणाऱ्या पोराला म्हातारी दटावायची, "जरा दम खा, उन्हातनं आल्या आल्या पाणी ढोसू नये, पोटात कळ येती."

आता घरोघर फ्रीज आला आहे. लग्नकार्यात, शेतावर, बाजाराच्या दिवशी गार पाण्याचे वीस लिटरचे जार येतात. दौंडच्या फलाटावर गाडी थांबली की बर्फात बुडवलेल्या बाटल्या खिडकीशी येतात. पाणी गार झाले, हाताशी आले. आणि म्हातारीचा तो दम मात्र मागे पडला. मी या दोन तालुक्यांच्या मध्ये, शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्यात बरीच वर्षे दवाखाना चालवतो आहे. दर उन्हाळ्यात पोट धरून, वाकून आलेले काही रुग्ण मी पाहतो. त्यांतल्या बहुतेकांची हकीकत सारखीच असते, म्हणून एकाचीच सविस्तर सांगतो.

चौफुला-केडगावच्या बाजूला गुऱ्हाळे पुष्कळ. त्यांतल्या एका गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडे सारण्याचे काम करणारा अठ्ठावीस-तीस वर्षांचा धडधाकट गडी. एप्रिलमधली दुपार. वरून ऊन, समोर जाळ. सकाळपासून चार-साडेचार तास तो तिथे होता आणि त्या वेळात त्याने दोनच वेळा घोटभर पाणी घेतले होते. अडीचच्या सुमारास काहील उतरली, तसा तो रस्त्यापलीकडच्या दुकानात गेला, फ्रीजमधली लिटरची बाटली घेतली आणि उभ्या उभ्या, तोंड न लावता, वरून धार धरून पाऊण बाटली रिकामी केली. त्याच्या सोबत्याच्या म्हणण्याप्रमाणे, "अर्धा मिनिट बी लागलं नसंल." बाटली खाली ठेवून तो दहा पावले चालला असेल-नसेल, तोच छातीच्या खालच्या खळगीत कोणी मूठ आवळावी तशी कळ आली. तो जागीच बसला. चेहरा पांढरा पडला, घाम सुटला. सोबत्यांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून माझ्याकडे आणले.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टरसाहेब, पाण्यात काय मिसळलेलं तर नसंल?"

मी त्याला टेबलावर निजवून पाहिले. नाडी जलद होती, पण नियमित. रक्तदाब ठीक. छातीच्या आसपासचे दुखणे आणि सुटलेला घाम म्हणून हृदयाचा आलेख काढला, तोही चांगला होता. पोट हाताला मऊ लागत होते, फक्त वरचा भाग तट्ट फुगलेला. त्यावर बोटाने टिचकी मारली की ढोलकीसारखा पोकळ आवाज येई आणि अंग थोडे हलवले की आत पाणी डचमळलेले चक्क ऐकू येई. पाणी पिऊन तोवर वीस मिनिटे झाली होती, आणि तरीही ते बरेचसे जागच्या जागी होते. त्याला पाठीला टेकण देऊन बसवले, कमरेचा पट्टा सैल केला. दोन मोठ्या ढेकरा आल्या आणि कळ निम्म्यावर आली. अर्ध्या तासात ती गेली. मग त्याला मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले आणि त्या दिवशी पुन्हा चुलवाणासमोर बसायचे नाही असे बजावून घरी पाठवले. पाण्यात काही मिसळलेले नव्हते. ते कसे, कधी आणि किती प्यायले गेले, यातच सगळे होते.

आता हे झाले कसे, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट रक्ताची. आपण स्वस्थ बसलेले असताना हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, त्यातला साधारण पाचवा ते चौथा हिस्सा जठर, आतडी, यकृत यांच्या वाट्याला येतो. उन्हात कष्ट करताना शरीरापुढे दोन मागण्या एकदम उभ्या राहतात. काम करणाऱ्या स्नायूंना रक्त हवे असते, आणि आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीलाही हवे असते. एवढे रक्त आणायचे कोठून? ते पोटाच्या वाट्यातून काढले जाते. जड काम आणि कडक ऊन एकत्र आले, की पोटाकडे जाणारे रक्त निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. घामाने अंगातले पाणी कमी झालेले असेल तर आणखीनच. म्हणजे आपला गडी दुकानाच्या दारात पोहोचला तेव्हा त्याचे जठर अर्धपोटी, सुस्त आणि कुठलेही मोठे काम अंगावर घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

दुसरी गोष्ट जठराच्या पिशवीची. रिकामे जठर आकसलेले असते. त्यात अर्धी वाटीसुद्धा मावत नाही. आपण घास-घोट घेऊ लागलो, की मेंदूकडून एका लांब मज्जातंतूवाटे निरोप येतो आणि जठराचा वरचा भाग हळूहळू सैल पडत जातो. या सैल पडण्यामुळेच लिटरभर ऐवज आत जाऊनही आपल्याला ताण जाणवत नाही. पण सैल पडायला थोडा अवकाश लागतो. अर्ध्या मिनिटात पाऊण लिटर ओतले, तर पिशवी सैल होण्याआधीच तिची भिंत ताणली जाते. वरून धार धरून पिणाऱ्याच्या पोटात पाण्याबरोबर हवाही बरीच जाते, तिची भर वेगळीच. आतड्या-जठराचे दुखणे समजून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. या अवयवांना कापल्याची वेदना फारशी कळत नाही, पण ताणल्याची मात्र लगेच कळते. म्हणूनच ती मूठ आवळल्यासारखी कळ.

तिसरी गोष्ट गारव्याची. येथे जुना पुरावा फार सुरेख आहे. अमेरिकेत १८२२ साली अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, पण जठरात जाणारे एक छिद्र पोटावर कायमचे राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी या छिद्रातून वर्षानुवर्षे जठराचे काम पाहिले आणि १८३३ साली ते ग्रंथरूपाने मांडले. त्यांना असे आढळले, की सुमारे दहा अंश सेल्सियसचे अर्ध्या पेल्याइतके पाणी आत गेले, तरी जठराचे तापमान सोळा-सतरा अंशांनी खाली येते आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास लागतो. अर्ध्या पेल्याची ही कथा, तर पाऊण लिटरचे काय! पुढे १९८८ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना चारशे मिलिलिटर संत्र्याचा रस वेगवेगळ्या तापमानांना पाजून पाहिला. चार अंशांचा रस शरीराच्या तापमानाच्या रसापेक्षा सुरुवातीला जठरातून सावकाश पुढे सरकला. जठर जणू दार ओढून घेते आणि आलेला माल कोमट झाल्यावरच मोकळेपणी पुढे सोडते. गुऱ्हाळावरच्या गड्याच्या पोटात वीस मिनिटांनंतरही पाणी का डचमळत होते, त्याचे कारण यात सापडते.

काहींची कळ पोटापेक्षा वर, छातीच्या मधोमध येते. ती जठराची नसून अन्ननलिकेची असते. पूर्वी अशी समजूत होती की गार पाण्याने अन्ननलिका आखडते. १९८१ साली दोन अमेरिकी डॉक्टरांनी नळीतला दाब मोजत रुग्णांना थंडगार पदार्थ गिळायला लावले, तेव्हा उलटेच दिसले. वेदना होत होती त्या वेळी अन्ननलिका आखडलेली नव्हती. घास पुढे ढकलणाऱ्या तिच्या लाटाच थांबल्या होत्या. वरून माल येतच होता, खाली सरकत नव्हता, आणि मधे नळी फुगत होती. म्हणजे इथेही दुखणे ताणाचेच.

आणि काही जणांची कळ खाली, बेंबीच्या आसपास येते, मुरडा पडतो, परसाकडे धाव घ्यावी लागते. जठर एकदम भरले की मोठ्या आतड्याला 'जागा करा' असा निरोप जातो आणि ते जोराने आकुंचन पावते. सकाळच्या चहानंतर अनेकांना लागणारी घाई याच निरोपाची. ज्यांचे आतडे मुळात हळवे, त्यांना ही आकुंचने दुखरी होतात.

या साऱ्यात ध्यानात घ्यायचे ते हे, की तीन गोष्टी एकत्र यायला लागतात: तापलेले शरीर, अतिगार पाणी आणि एकदम ओतलेला मोठा साठा. हे तिहेरी सूत्र माझे नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस गार पाणी पिण्याने होणाऱ्या विकारावर एक टिपण लिहिले, त्यात ते आहे. कडक उन्हाळ्यात उघड्यावर राबणारे मजूर रस्त्यावरच्या पंपाचे गार पाणी ढोसत आणि कोणाला छाती-पोटात तीव्र कळा येत, तर कोणी भोवळ येऊन कोसळत. काही दगावतही. त्यांतले बरेच जण पाण्याने नव्हे, तर उष्माघाताने गेले असावेत, असे आजच्या ज्ञानावरून वाटते. गार घोटाने त्या लांब मज्जातंतूला धक्का बसून नाडी मंदावते आणि क्षणभर भोवळ येते, असे काही माणसांत घडते, हेही खरे. रश यांचा उपाय मात्र आपल्या म्हातारीच्या उपायाचा सख्खा भाऊ शोभेल: पिण्यापूर्वी भांडे दोन्ही हातांत मिनिटभर धरून ठेवा आणि आधी हात-तोंड धुऊन घ्या.

तिन्हींपैकी एक गोष्ट काढून घेतली, की बहुधा कळ येत नाही. सावलीत स्वस्थ बसलेला माणूस फ्रीजचे पाणी पितो, त्याला काही होत नाही. उन्हात राबणाराही तेच पाणी चार-चार घोटांनी पिईल, तर सहसा काही होत नाही. तेव्हा "गार पाणी विषच" असे म्हणणारे आणि "गार पाण्याने पोटातली चरबी थिजते" असे सांगणारे, दोघांचेही खरे मानू नये. शरीराच्या उबेत पाणी काही वेळातच कोमट होते.

पण मग तापलेल्या अंगाला बर्फाच्या पाण्याने जास्त थंडावा मिळतो, त्याचे काय? याचा हिशेब मांडू. पाच अंशांचे पाऊण लिटर पाणी शरीराच्या तापमानाला येईपर्यंत अंगातली सुमारे चोवीस किलोकॅलरी उष्णता शोषते. माठातले पंचवीस अंशांचे तेवढेच पाणी नऊ शोषते. फरक झाला पंधराचा. आता घामाकडे पाहा. एक लिटर घाम वाळताना जवळजवळ पाचशे ऐंशी किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे पंधराचा तो फरक भरून काढायला सव्वीस मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे घाम वाळला की पुरे! शरीर निववण्याचे खरे काम घाम करतो, आणि घामासाठी पाणी पोटात असून चालत नाही, ते आतड्यातून रक्तात गेले पाहिजे. जठरात अडकून डचमळणारे बर्फाचे पाणी त्या कामाला उशिरा लागते.

माठाचीही किमया तीच. त्याच्या अंगातून पाझरलेले पाणी वाळते आणि आतले पाणी निवते. हवा जितकी कोरडी, तितके हे चांगले घडते. म्हणूनच कोकणातल्या दमट उन्हाळ्यात जो माठ जेमतेम गार होतो, तोच शिरूर-दौंडच्या कोरड्या हवेत चाळीस अंशांच्या दुपारी पंचवीसच्या आसपास पाणी देतो. हे पाणी जिभेला गार लागते आणि जठराला दचकवत नाही.

आता पोटातली प्रत्येक कळ या एकाच कारणाची समजू नये, कारण इथे घोटाळा झाला तर महागात पडतो. पाणी पिण्याने आलेली कळ पिताना किंवा पिऊन दोन-चार मिनिटांत येते, पोट हाताला मऊ असते, ढेकर आली की बरे वाटते आणि अर्ध्या तासात ती ओसरते. उन्हात फार घाम गेलेल्या माणसाला येतात ते पेटके वेगळे. ते पोटाच्या वरच्या स्नायूंत येतात, हात लावला की गाठ कडक लागते, बहुधा पिंढऱ्या-मांड्यांतही तसेच गोळे येतात. घामावाटे मीठ गेलेले आणि वर नुसते पाणी पोटात गेलेले, असा हा प्रकार. त्याला विसावा आणि मीठ लागते: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, किंवा मीठ घातलेले ताक.

काही तासांनी मुरडा, जुलाब, उलटी सुरू झाली, तर दोष गारव्याचा नाही, पाण्याच्या किंवा बर्फाच्या घाणीचा. मासळी आणि माल टिकवण्यासाठी बनवलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असे नाही. अशा अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम २०१८ पासून आला आहे. तो सरबतात दिसला तर पेला खाली ठेवावा.

कळ अर्ध्या तासाहून जास्त टिकली, छातीतून हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, पोट फळीसारखे कडक झाले किंवा माणूस बेशुद्ध पडला, तर "गार पाणी प्यायला होता" म्हणून स्वस्थ बसू नये, दवाखाना गाठावा. चाळिशीपुढच्या माणसाच्या बाबतीत तर हृदयविकार आधी वगळायचा. आणि उन्हात काम करता करता माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजत असले, तर तो उष्माघात. त्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाईल. त्याला सावलीत आणून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.

साधी कळ आली, तर पिणे थांबवून टेकून बसावे, कपडे सैल करावे, ढेकर येऊ द्यावी. बोटे घालून उलटी काढू नये. पोट जोराने चोळू नये. वेदनाशामक गोळी तर घेऊच नये. घामाने सुकलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला आणि रिकाम्या जठराला बाधू शकते.

कळ येऊच नये यासाठी तहान साठू द्यायची नाही, हे पहिले. उन्हात राबणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे. तासाला हे पाऊण ते एक लिटर होते आणि जठर साधारण तेवढेच पाणी तासाभरात पुढे सोडू शकते. गुऱ्हाळावरच्या गड्याने अर्ध्या मिनिटात जे प्यायले, तेच तासाभरात वाटून प्यायचे, एवढाच फरक. काम संपवून आल्यावर दहा मिनिटे सावलीत टेकावे. हात, पाय, तोंड धुवावे. त्याने कातडी निवते, हृदयाची धडधड उतरते आणि पोटाकडे रक्त परतू लागते. बाटली फ्रीजचीच असेल, तर निम्मे साधे पाणी मिसळावे, आणि पहिला घोट तोंडात घोळवून मग गिळावा. गुळाच्या खड्याचेही काम तेच. तो चघळेपर्यंत वेळ जातो, तोंडाला पाणी सुटते आणि जठराला वर्दी मिळते.

जुन्या घरांत पाहुण्यापुढे तांब्या येई, पण त्याच्यावर फुलपात्र पालथे असे. त्या फुलपात्रात मावते ते जेमतेम दीडशे मिलिलिटर. ते भरायचे, प्यायचे, पुन्हा भरायचे. त्या प्रत्येक भरण्यात जठराला सैल व्हायला चार क्षण मिळतात. बाटली तोंडावर उलटी करताना ते चार क्षण हरवतात. घरात फ्रीज असू द्यावा, जारही येऊ द्यावा. बाटलीशेजारी एक फुलपात्र ठेवले म्हणजे झाले.